पहिल्या शिबिराची बॅग आणि पन्नास नगांचा हिशेब

मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत निवासी शिबिरांचे दिवस येतात. कुठे दीनी तालीमचे शिबिर असते, कुठे खेळाचे, कुठे गड-किल्ले आणि रान दाखवणारे. पाच-दहा दिवस मूल घराबाहेर राहते, आणि त्यातली बरीच मुले आयुष्यात पहिल्यांदाच अम्मी-अब्बूंशिवाय रात्र काढतात. अशा मुलाची बॅग भरताना घरात एकच विचार असतो, काही कमी पडू नये. म्हणून बॅग फुगत जाते. दादी एक जोड वाढवते, खाला एक टॉवेल घालते आणि शेवटी बॅगेत काय आहे हे कोणालाच नीट सांगता येत नाही, मुलाला तर नाहीच.

अडचण इथूनच सुरू होते. शिबिराची बॅग एकदा भरून संपत नाही. ती आठ दिवस रोज उघडते, रोज बंद होते, आणि ते काम दहा वर्षांचे मूल वीस-पंचवीस मुलांच्या खोलीत एकटे करत असते. त्यामुळे बॅगेत काय घातले याच्याइतकेच महत्त्वाचे आहे ते किती घातले, कोणाचे आहे हे कसे कळेल, आणि परत किती आले. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एका कागदावर मावते.

शिक्षक म्हणून मी मुलांच्या वस्तूंवरून होणारी भांडणे वर्षानुवर्षे पाहते आहे. त्यात वस्तूची किंमत क्वचितच मोठी असते. एकाच बाजारातून घेतलेले दोन पांढरे पायजमे असतात, दोन्ही मुले म्हणतात हा माझा. नाव कोणत्याच पायजम्यावर नसते. मग ज्याचा आवाज मोठा त्याचा पायजमा ठरतो, आणि दुसऱ्याच्या नावामागे ‘चोर’ हा शब्द लागतो. घरापासून दूर असलेल्या मुलाला हा शब्द फार लागतो. कपड्यावरचे नाव हे कपडा वाचवण्यासाठी असतेच, पण त्याहून अधिक ते मुलाला या प्रसंगातून वाचवण्यासाठी असते.

जोड नव्हे, नग मोजा

आपल्याकडे कपडे जोडाने मोजायची सवय आहे. ‘सहा जोड दिले’ असे आपण म्हणतो. पण शिबिरात जोड हरवत नाही, जोडातला एक नग हरवतो. कुर्ता परत येतो, पायजमा दोरीवर राहतो. मोज्यांची जोडी जाते, एक मोजा येतो. यादीत ‘जोड ६’ लिहिले असेल तर परतल्यावर ‘साडेपाच जोड’ असा हिशेब कोणी करत नाही. वरवर पाहून ‘सगळे आले’ असे म्हटले जाते आणि महिन्याभराने कळते की एक पायजमा नाही. म्हणून कागदावर कुर्ता वेगळा, पायजमा वेगळा, मोजे नगाने, चपलासुद्धा नगाने लिहाव्यात.

दुसरी गोष्ट अंगावरच्या कपड्यांची. यादी करताना आपण बॅगेतले कपडे लिहितो आणि मुलाच्या अंगावरचा कुर्ता, पायजमा, बनियन, पायातले बूट विसरतो. येताना मूल दुसरे कपडे घालून येते आणि जातानाचा कुर्ता बॅगेत असला काय नि नसला काय, यादीला कळत नाही. म्हणून नियम असा ठेवावा की घरातून निघताना मुलाच्या अंगावर आणि बॅगेत मिळून जे जे आहे, ते सगळे यादीत असेल.

आता किती नग द्यावेत हे एका उदाहरणाने पाहू. मंचरचा दहा वर्षांचा मुलगा आहे, पाचवीत जाणार आहे. शिबिर जुन्नर तालुक्यात, आठ दिवसांचे, सात मुक्कामांचे. शिबिराच्या पत्रकात लिहिले आहे की चौथ्या दिवशी सकाळी कपडे धुण्याची सोय आहे. शिबिर निवडताना ही एक ओळ पत्रकात नसेल तर फोन करून विचारावी, कारण सगळा हिशेब तिच्यावर आहे.

पहिल्या चार दिवसांना चार कपडे लागतील. चौथ्या दिवशी सकाळी पहिल्या तीन दिवसांचे कपडे धुतले जातील, चौथा अंगावर असेल. मेच्या उन्हात कपडे दुपारपर्यंत वाळतात. पण याच दिवसांत आपल्याकडे वळवाचा पाऊसही येतो. दुपारी आभाळ भरते, वारा सुटतो आणि दोरीवरचे कपडे पुन्हा ओले होतात. म्हणून पाचव्या दिवसासाठी धुलाईवर अवलंबून न राहता पाचवा कपडा हवा. सहाव्या, सातव्या आणि आठव्या दिवशी धुतलेले तीन वापरता येतील. असे पाच झाले. चिखल, सांडलेली आमटी किंवा पोट बिघडणे यासाठी एक जास्तीचा. एकूण सहा. एक अंगावर, पाच बॅगेत. यापेक्षा जास्त दिल्याने सोय होत नाही, फक्त मोजायचे नग वाढतात.

आतल्या चड्डीचा हिशेब मात्र वेगळा करावा. ती धुवायला टाकताना मुले लाजतात आणि ओलीच कुठेतरी कोंबून ठेवतात. तिचे वजनही नसते. म्हणून दिवसाला एक आणि दोन जास्तीच्या, अशा दहा द्याव्यात. या मुलाचा कागद मग असा होईल:

कुर्ता किंवा शर्ट ६
पायजमा किंवा पँट ६
बनियन ६
चड्डी १०
रात्रीचा टी-शर्ट २
रात्रीची लांब पँट २
टॉवेल २
नमाजची टोपी २
उन्हाची टोपी १
मोजे ६
बूट २
चपला २
स्वेटर १
चादर २

बेरीज बरोबर ५० येते. ही बेरीज मुद्दाम गोल आकड्यावर आणली आहे, कारण मुलाला चौदा ओळी पाठ राहणार नाहीत, ‘माझे पन्नास नग’ मात्र राहील. आपल्या मुलाच्या गरजेप्रमाणे आकडे बदलतील. तेव्हाही एखादा मोजा किंवा रुमाल कमी-जास्त करून बेरीज लक्षात राहील अशी ठेवावी.

उन्हाळ्यात स्वेटर कशाला, असे वाटेल. पण जुन्नर, घोडेगावच्या पश्चिमेला डोंगराच्या बाजूला पहाटे गारवा असतो, आणि भीमाशंकरच्या अंगाला तो अधिक जाणवतो. जमिनीवर गादी घालून झोपणाऱ्या मुलाला फजरच्या वेळी तो एक स्वेटर पुरतो.

मुलगी असेल तर कुर्त्याच्या जागी कमीज ६, सलवार ६ येईल आणि ओढण्यांची ओळ वाढेल. ओढणी हा शिबिरात सर्वांत लवकर अदलाबदल होणारा नग आहे, कारण तो खेळताना काढून ठेवला जातो आणि नमाजच्या वेळी घाईने जवळची उचलली जाते. रोजच्या चार आणि नमाजसाठी एक मोठी, अशा पाच पुरेत. सलवारीची नाडी तुटते किंवा नेफ्यात ओढली जाते, म्हणून एक जास्तीची नाडी आणि ती ओवायला मोठी सेफ्टीपिन द्यावी. दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या बॅगेत, पाळी सुरू झालेली नसली तरी, चार-पाच पॅड एका कापडी पिशवीत ठेवावेत आणि ते कुठे आहेत, गरज पडली तर कोणत्या बाजींना सांगायचे, हे अम्मीने निघण्याआधी शांतपणे सांगावे. ही पिशवी मोजणीतून बाहेर ठेवावी.

साबण, ब्रश, तेल, कंगवा, बाटली, टॉर्च, वही-पेन यांचा कागद वेगळा. त्यातल्या काही वस्तू संपणार असतात, त्यांना कपड्यांच्या हिशेबात मिसळले की बेरीज कधीच जुळत नाही. औषध असेल तर ते बॅगेत नको. पाकिटावर मुलाचे नाव, किती आणि केव्हा द्यायचे हे लिहून ते पोहोचल्याबरोबर शिबिराच्या शिक्षकांच्या हातात द्यावे.

नाव कसे आणि कुठे

पूर्वी आपल्या गावांत धोबी कपड्यांवर खूण करायचे ती बिब्ब्याने. बिब्ब्याचा रस आणि चुना मिळून कापडावर जी काळी खूण उमटते ती कपडा फाटेपर्यंत जात नाही. या गुणामुळेच इंग्रजीत बिब्ब्याला ‘मार्किंग नट’ असे नाव पडले. पण बिब्बा अंगावर उततो, फोड येतात, आणि त्याच्या खुणेनेही काहींच्या मानेवर चट्टे उठतात. मुलांच्या कपड्यांसाठी तो वापरू नये. आज स्टेशनरीच्या दुकानात पर्मनंट मार्कर मिळतो, तो पुरेसा आहे. बॉलपेनचे अक्षर दोन धुण्यांत फिके होते, स्केचपेनचे पहिल्याच धुण्यात पसरते.

कपड्यावर थेट लिहिण्याआधी एक चाचणी करावी. जुन्या बनियनवर नाव लिहा, एक दिवस तसेच ठेवा, मग गरम पाण्यात साबणाने घासून धुवा. अक्षर वाचता आले तर मार्कर चांगला. शाई कडेला पसरून अक्षराला धुरकट कड आली असेल तर एकतर मार्कर जाड आहे किंवा कापडात नायलॉनसारखा धागा जास्त आहे. अशा कापडावर, आणि गडद रंगाच्या सगळ्या कपड्यांवर, पट्टी शिवावी लागते. शिंप्याकडे बोटभर रुंद पांढरी सुती पट्टी मीटरवर मिळते. पट्टीवर ओळीने पन्नास वेळा नाव लिहून घ्यावे, शाई पूर्ण वाळू द्यावी, उलट बाजूने इस्त्री फिरवावी आणि मग कापून कपड्याला लावावी. फक्त दोन टोकांना टाका घातला तर पट्टी दोरीला, खिळ्याला अडकून निघते. चारही बाजूंनी टाका हवा.

आता लिहायचे काय? आपल्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न साधा नाही. ‘म. शेख’ असे लिहिले तर एका शिबिरात त्या खुणेचे चार मालक निघतील. मोहम्मद हे नाव कित्येकांच्या नावात पहिले असते आणि शेख, पठाण, सय्यद, इनामदार, तांबोळी ही आडनावे आपल्या दोन्ही तालुक्यांत घरोघरी आहेत. आद्याक्षरे म्हणून निरुपयोगी ठरतात. घरात मुलाला ज्या नावाने हाक मारतात ते नाव पूर्ण, मग आडनाव, आणि त्यापुढे अब्बूंच्या मोबाइल क्रमांकातले शेवटचे चार आकडे लिहावेत. नाव-आडनाव दोन्ही सारखे असलेली मुले भेटतात, चारही आकडे सारखे असलेली सहसा भेटत नाहीत. पूर्ण क्रमांक कपड्यावर लिहू नये. तो शिबिराच्या नोंदीत असतोच.

लिपीचाही विचार करावा. उर्दू माध्यमातल्या मुलाला नाव उर्दूत लिहावेसे वाटते आणि ते त्याने वहीवर जरूर लिहावे. कपड्यावर मात्र अडचण येते. उर्दूत जलील आणि खलील या दोन नावांत फरक फक्त एका नुक्त्याच्या जागेचा आहे. नुक्ता जीमच्या आत असतो, खेच्या वर असतो. धुण्यात नुक्ता गेला की दोन्ही नावे एकच दिसतात. शिवाय कपडे गोळा करणारे मामा किंवा मावशी बहुधा मराठी वाचणारे असतात. म्हणून कपड्यावर देवनागरीत, ठळक आणि सुटे अक्षर.

जागा सगळ्या कपड्यांवर ठरलेली असावी, म्हणजे मुलाला शोधावे लागत नाही. कुर्ता, शर्ट आणि बनियन यांच्या आत डाव्या बाजूच्या शिवणीला लावावे. मानेच्या मागे सगळे लिहितात, पण तिथे घाम आणि घासणे जास्त असल्याने शाई आधी जाते आणि पट्टी टोचते. पायजमा, पँट आणि चड्डीला आत कमरेजवळ. मोज्याच्या तळव्यावर नाही, वरच्या कडेच्या आत, आणि दोन्ही मोज्यांवर. टॉवेल, ओढणी आणि चादरीच्या एकाच ठरलेल्या कोपऱ्यावर. टोपीच्या आतल्या पट्टीवर.

चपलांवर लिहिलेले नाव टिकत नाही. तळव्याची जागा पायाने आणि पाण्याने घासली जाते. वुजूच्या जागी आणि मशिदीच्या दारात शंभर चपला एकत्र असतात, आणि त्यातल्या निम्म्या निळ्या. तिथे लांबून दिसणारी खूण लागते. दोन्ही चपलांच्या पट्ट्याला एकाच रंगाचा जाड सुती दोरा घट्ट गुंडाळून गाठ मारावी. ताट, वाटी, पेला न्यायला सांगितले असेल तर ते सर्वांत सोपे. भांड्यांच्या दुकानात नाव घालून मिळते, ती आपली जुनीच पद्धत आहे.

बॅगेवर नाव बाहेरून मोठ्या अक्षरांत लिहू नये. बसस्टँडवर कोणीही अनोळखी माणूस ते वाचून मुलाला नावाने हाक मारू शकतो. बाहेर एखादी रंगीत फीत बांधावी आणि नाव-पत्ता आतल्या कप्प्यात ठेवावा.

बॅग मुलाने भरायची

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी जमिनीवर एक चादर अंथरावी. स्काउटच्या शिबिरात तपासणीच्या वेळी मुले आपले सामान ओळीने मांडून ठेवतात, तसेच यादीच्या ओळीप्रमाणे चौदा ढीग मांडावेत. यादी मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिलेली असावी. अम्मीने एक ओळ वाचावी, मुलाने नग मोजावेत, नाव दाखवावे आणि बॅगेत घालावेत. अर्धा तास जातो. पण या अर्ध्या तासात मुलाचा हात प्रत्येक कपड्याला लागलेला असतो, आणि आपला कुर्ता कोणता हे त्याला दोरीवरही ओळखता येते.

कागदावर आकड्यांपुढे चार रकाने आखावेत. ‘गेले’, ‘धुतल्यावर’, ‘निघताना’ आणि ‘आले’. पहिला रकाना घरी भरतो, मधले दोन मूल शिबिरात भरते, शेवटचा पुन्हा घरी. कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून बॅगेच्या झाकणाच्या आत चिकटवावा आणि त्याचा एक फोटो घरी ठेवावा.

मळक्या कपड्यांसाठी उशीचा जुना अभ्रा द्यावा, त्यावरही नाव. ओल्या कपड्यांसाठी एक प्लॅस्टिकची पिशवी. हे दोन्ही नसले की मळके, धुतलेले आणि ओले एकत्र होतात आणि मोजायला कोणी धजत नाही. बॅग भरल्यावर तिचा चौथा भाग रिकामा राहिला पाहिजे, कारण येताना मुलाच्या हातची घडी अम्मीच्या घडीइतकी लहान होत नाही. जागा नसली की उरलेला टॉवेल हातात येतो, आणि हातातला टॉवेल बसमध्ये राहतो. शेवटी मुलाने ती बॅग स्वतः उचलून घराच्या पायऱ्या चढून-उतरून दाखवावी. दमला तर सामान कमी करावे.

दोरीवरचे कपडे आणि दिवेलागण

मधल्या धुलाईची मोजणी आपल्या भागात वेळेवर होणे फार गरजेचे आहे, आणि त्याचे कारण कपड्यांपुरते नाही. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचे पाणी आले, ऊस वाढला आणि उसात बिबटे राहू लागले. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात, आणि माणिकडोहला वनखात्याचे बिबट निवारा केंद्र आहे, हे इथल्या मुलांनाही ठाऊक असते. पण शिबिरात मुंबई-पुण्याची मुलेही असतात, आणि कपडे वाळत घालायची दोरी बहुतेक ठिकाणी इमारतीच्या मागे, शेताच्या बाजूला असते. बिबट्या हिंडतो तो दिवेलागणीनंतर. अंधारात वाकलेले किंवा बसलेले लहान मूल त्याला सहज भक्ष्य वाटू शकते.

म्हणून मुलाला एकच सांगावे. असरच्या नमाजनंतर कपडे काढायचे, तिथेच मोजायचे, मगरिबच्या आत खोलीत. सकाळी किती टाकले होते तो आकडा हाताशी असला की एखादा नग कमी आहे हे उजेडातच कळते. रात्री आठवण झाली की ‘माझा पायजमा राहिला’, तर एकट्याने दोरीकडे जायचे नाही, टॉर्च असली तरी नाही. शिक्षकांना सांगायचे आणि सकाळी आणायचा. पायजमा गेला तरी चालेल, हे वाक्य घरातून निघण्याआधी मुलाच्या कानावर पडलेले असावे. रागावण्याच्या भीतीने मुले नको तिथे जातात.

शेवटच्या दिवशी ‘निघताना’ची मोजणी बसची वेळ होण्याआधी, नाश्त्यानंतर करायची. नग कमी आला तर शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. दोरी, न्हाणीघरातला खिळा, गादीखाली, बुटाच्या आत, आणि शेजारच्या मुलाची बॅग.

घरी आल्यावर

मूल दमून येते, आणि घरात बॅग थेट धुण्याच्या टबात किंवा मशीनमध्ये उलटी होते. तसे करू नये. त्याला जेवू द्यावे, झोपू द्यावे, पण बॅग त्याच दिवशी चादरीवर उघडावी. दोन दिवसांनी शिबिराची जागा रिकामी झालेली असते आणि फोनवर कोणी शोधून देऊ शकत नाही.

आपल्या उदाहरणातल्या मुलाची बॅग उघडू. एकूण मोजले तर ४९ नग निघाले. कोणी म्हणेल, एकच गेला, चालायचेच. पण नावे पाहत दोन ढीग करायला घेतले, तेव्हा मुलाचे स्वतःचे ४७ निघाले आणि दोन नग परके. म्हणजे हरवलेले एक नसून तीन होते. एकूण बेरजेवर थांबले की असा घोटाळा लपतो. म्हणून बेरीज पाहायची, पण तिच्यावर थांबायचे नाही. एकेक ओळ नावासकट जुळवायची.

कमी असलेले तीन म्हणजे एक मोजा, एक पायजमा आणि एक टॉवेल. मोजा बुटाच्या पुढच्या टोकात गोळा होऊन बसला होता, तो लगेच मिळाला. ‘धुतल्यावर’ आणि ‘निघताना’ या दोन्ही रकान्यांत पायजमे सहा आहेत, आणि परक्या ढिगातही एक तसाच पांढरा पायजमा आहे, बिनानावाचा. म्हणजे मुलाने सहाच मोजले होते, त्यातला एक दुसऱ्याचा होता. त्याने आकडा पाहिला, नाव पाहिले नाही. त्याचा नावाचा पायजमा बहुधा त्या दुसऱ्या घरी गेला आहे, आणि नाव असल्यामुळे तिथून शिक्षकांकडे फोन येण्याची शक्यता मोठी. टॉवेल ‘धुतल्यावर’ दोन होता आणि ‘निघताना’ एक. तो शेवटच्या सकाळी आंघोळीनंतर दोरीवर राहिला. शिबिराला फोन करून ‘न्हाणीघराजवळच्या दोरीवर, कोपऱ्यात नाव असलेला टॉवेल’ असे सांगता आले, कारण चार रकान्यांनी तो कधी हरवला हे दाखवले. ‘आमच्या मुलाचा टॉवेल हरवला’ एवढ्याच निरोपावर कोणी शोधायला जात नाही.

आता परका ढीग. त्यात पायजम्याबरोबर एक टोपी आहे, आणि तिच्यावर दुसऱ्या मुलाचे नाव आहे. मुलाच्या स्वतःच्या दोन्ही टोप्या परत आल्या आहेत, म्हणजे ही घाईत उचललेली तिसरी. दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात अमानत असते, ती लहान आहे म्हणून ठेवून घ्यायची नसते. दोन्ही नग धुवून, घडी करून, कागदात गुंडाळून त्यावर ‘शिबिरातून चुकून आलेले’ असे मुलाच्याच हाताने लिहून घ्यावे आणि शिक्षकांना त्याच दिवशी फोटो पाठवावा. मुलाला ‘हे का आणलेस’ असे विचारू नये. ‘हे कोणाचे असेल, कसे पोहोचवायचे’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने पुढच्या वेळी मूल परका नग लपवायला शिकते, आणि हरवलेल्या नगाबद्दल खूप रागावले तर कोणाचा तरी उचलून आकडा जुळवायलाही शिकते. दोन्ही गोष्टी एका टॉवेलपेक्षा महाग आहेत.

या कागदाला मर्यादाही आहे. महागाचे घड्याळ, मोबाइल, चांदीची अंगठी यांना तो वाचवू शकत नाही. त्या वस्तू घरीच ठेवाव्यात. ईदचा कुर्ताही पाठवू नये. रोजच्या वापरातले, एक-दोनदा धुतलेले कपडे शिबिराला चांगले. त्यांची सवय मुलाला असते, आणि गेले तर घर हळहळत नाही.

चारही रकाने भरलेला कागद फेकू नये. सहापैकी दोन कुर्ते घडी न मोडताच परत आले असतील तर पुढच्या वर्षी चार लिहावेत. मोजे कमी पडले असतील तर वाढवावेत. धाकट्या भावंडाची पाळी येईल तेव्हा यादी थोरल्याने लिहून द्यावी. त्याला आता माहीत असते की आठ दिवसांत खरोखर काय लागते.